लोकल मध्येच अडकली, टीम लीडला काय लिहायचं?

प्रश्न: बदलापूरहून ऐरोलीला सपोर्ट टीममध्ये जाते, शिफ्ट साडेनऊची. गाडी मध्येच थांबली की सरांना ‘ट्रेन लेट आहे, उशीर होईल’ असं टाकते. मग ते विचारतात किती उशीर, मी म्हणते माहीत नाही, आणि तिथून सगळं बिघडतं. गर्दीत उभं राहून पटकन काय लिहावं? आणि कधी लिहावं?

उत्तर:

नवी मुंबईत चोवीस तास चालणाऱ्या सपोर्ट टीम मी बरीच वर्षं सांभाळतोय. सकाळी आठ ते साडेनऊच्या दरम्यान असे मेसेज वाचायचे आणि त्यावरून शिफ्ट लावायची, हे त्या कामातच येतं. म्हणून आधी सांगतो, तुमच्या सरांना गाडी का थांबली हे त्या क्षणी फारसं नको असतं. साडेनऊला तुमच्या जागी कोण बसणार, हे त्यांना ठरवायचं असतं.

तिकडे काय चाललेलं असतं ते डोळ्यांसमोर आणा. रात्रपाळीचा माणूस तुम्हाला हँडओव्हर देऊन ड्रॉपच्या कॅबने घरी जातो. कॅबची वेळ ठरलेली असते, आणि तिच्यात आणखी तीन-चार जण बसलेले असतात. तुम्ही दहा-पंधरा मिनिटांत येणार असाल तर ‘जरा थांब’ म्हणता येतं. अर्धा-पाऊण तास लागणार असेल तर थांब म्हणणं म्हणजे रात्रभर जागलेल्या माणसाला कॅब सोडायला लावणं. तेव्हा लीड दुसऱ्या कुणाला उचलून तुमच्या जागी बसवतो आणि हँडओव्हर त्याला घ्यायला लावतो. हे दोन वेगळे निर्णय आहेत. ‘उशीर होईल’ एवढ्यावरून यातला कुठला घ्यायचा ते कळत नाही, म्हणून सर उलट प्रश्न विचारतात. ते चिडून विचारतात असं धरू नका. कॅब सुटायच्या आत त्यांना उत्तर हवं असतं, एवढंच.

आता ‘माहीत नाही’बद्दल. गाडी कधी सुटणार हे तुम्हाला खरंच माहीत नसतं, मोटरमनलाही नसतं. पण गाडी सुटल्यावर जागेवर पोहोचायला किती लागेल, हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. रोजचाच रस्ता आहे. तेव्हा प्रवासाचे दोन तुकडे करा, एक अडकलेला आणि एक उरलेला. अडकलेल्याचा अंदाज बांधू नका, उरलेल्याचा मात्र नेमका सांगा.

तुमच्याच रस्त्यावर करून पाहू. समजा गाडी बदलापूरहून ८.१०ला निघाली आणि अंबरनाथ सोडल्यावर, उल्हासनगरच्या अलीकडे ८.२०ला उभी राहिली. तिथून पुढे कल्याण साधारण दहा मिनिटं. कल्याण ते ठाणे फास्टने वीस-बावीस मिनिटं, आणि तुमची गाडी कल्याणनंतर स्लो होत असेल तर त्यात आणखी दहा धरा. ठाण्याला पूल चढून ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर जाऊन गाडी मिळेपर्यंत आठ-दहा. ठाणे ते ऐरोली दहा. स्टेशनबाहेर पडून, शेअर रिक्षा किंवा पायी, गेटवर कार्ड लावून खुर्चीवर बसेपर्यंत पुन्हा आठ-दहा. सगळं मिळून एक तास. म्हणजे रोजच्यासारखी गाडी चालली तर तुम्ही ९.२०ला जागेवर असता, हातात दहा मिनिटं शिल्लक ठेवून.

मेसेज कधी करायचा हेही यातूनच ठरतं. गाडी थांबल्या थांबल्या करू नका. मध्य रेल्वेवर सिग्नलला पाच-सात मिनिटं उभं राहणं रोजचं आहे, आणि प्रत्येक थांब्याला मेसेज गेला की खऱ्या अडचणीच्या दिवशीही तो कुणी धड वाचत नाही. मनाशी एकच विचारा: आत्ता, या क्षणी गाडी सुटली तर मी वेळेत पोहोचेन का? उत्तर ‘हो’ असेपर्यंत फोन खिशात राहू द्या. ८.२०ला उत्तर ‘हो’ आहे, ८.२५लाही आहे. ८.३०ला मात्र शिल्लक संपते. गाडी आत्ता हलली तरी बरोबर साडेनऊ होणार, आणि त्या दिवशी काहीच बरोबर होत नाही. मेसेज करायची वेळ ती. शिफ्टला अजून एक तास आहे, कॅब सुटलेली नाही, लीडला दुसरा माणूस शोधायला पूर्ण वेळ आहे. हाच मेसेज ९.१५ला ठाण्याहून गेला तर त्याचा उपयोग निम्म्याहून कमी होतो.

तुमची शिल्लक किती ते आज रात्री घरी बसून काढून ठेवा. येण्याजाण्याची वेळ सैल असलेल्या ऑफिसात ती तासाभराची असते आणि तिथे असा मेसेज फक्त मीटिंग असेल तरच लागतो. शिफ्टमध्ये, कॅशच्या किंवा काउंटरच्या कामात, शाळेत पहिल्या तासाला ती पाच-दहा मिनिटांचीच असते.

आता ८.३०ला जाणारा मेसेज. मी टीममधल्यांना असा लिहायला सांगतो:

*“९.४५ होतील सर, आत्ता गाडी सुटली तर. अंबरनाथ-उल्हासनगरमध्ये ८.२०पासून उभी आहे. जितकी उभी राहील तितका वेळ पुढे धरा. हँडओव्हरला कुणाला बसवता येईल का? कालची दोन पेंडिंग तिकिटं आणि क्लायंटचा मेल शेअर्ड शीटमध्ये टाकलाय. गाडी सुटली की लगेच कळवते, नाही सुटली तर ९ला कळवते. सॉरी.”*

पहिला शब्दच वेळ आहे, याला कारण आहे. साडेआठला लीडही बहुतेक प्रवासातच असतो, कदाचित तुमच्याच मार्गावर, नाहीतर बाइकवर सिग्नलला उभा. तो चॅट उघडत नाही, लॉक स्क्रीनवर जे दिसतं ते वाचतो. तिथे पहिली ओळ दिसते, तीही अर्धी. ‘गुड मॉर्निंग सर, सॉरी टू डिस्टर्ब, आज पुन्हा ट्रेनचा’ एवढ्यात ती ओळ संपते आणि कामाचं एक अक्षरही पोहोचत नाही. ‘९.४५ होतील सर’ इतकं दिसलं तरी त्याला विचार सुरू करता येतो. यात उद्धटपणा वाटत असेल तर तसं काही नाही. ‘सर’ आहे, शेवटी ‘सॉरी’ आहे. तीन वेळा माफी मागितलेला मेसेज वाचायला मात्र जास्त वेळ लागतो.

साडेनऊऐवजी पावणेदहा का लिहायचं? हिशेबाने एक तास म्हणजे साडेनऊच येतात. पण अडकून सुटलेली गाडी नेहमीच्या वेगाने पुढे जात नाही, हे तुम्ही रोज बघत असाल. कल्याणला कर्जतकडची आणि कसाऱ्याकडची लाइन एकत्र येते. तुमची गाडी अडकली होती तेवढ्यात कसाऱ्याकडच्या गाड्या पुढे निघालेल्या असतात, मागे लांब पल्ल्याच्या मेल-एक्स्प्रेस तुंबलेल्या असतात, आणि तुमच्या गाडीची नेहमीची जागा गेलेली असते. ती कल्याणच्या बाहेर पुन्हा थांबते. पुढे गाड्या एकामागोमाग लागल्यामुळे एकीच्या मागे दुसरी पिवळ्या सिग्नलवर सरकत राहते. ठाण्याला एकाच वेळी दोन-तीन गाड्यांची माणसं उतरतात, पूल भरतो, आणि ट्रान्स-हार्बरची पहिली गाडी बहुधा सुटते. म्हणजे कल्याणबाहेर पाच-दहा मिनिटं आणि ठाण्याला एक गाडी चुकल्याची पाच-दहा, असे दहा-पंधरा वाढतातच. ते आधीच मिळवून लिहा.

मात्र याच्या वर आणखी वाढवू नका. काही जण ‘सेफ साइड’ म्हणून थेट साडेदहा लिहितात आणि पावणेदहाला येतात. तोवर लीडने दुसऱ्याचा ब्रेक पुढे ढकललेला असतो, कुणाचं तरी प्रशिक्षण रद्द केलेलं असतं. असं दोन-तीनदा झालं की पुढच्या वेळी तुमच्या आकड्यातून तो स्वतःच अर्धा तास वजा करतो, आणि नेमक्या त्या दिवशी खरोखर साडेदहा होतात.

‘जितकी उभी राहील तितका वेळ पुढे धरा’ हे वाक्य मात्र कुठल्याही परिस्थितीत गाळू नका. यामुळे लीडला पुन्हा पुन्हा विचारावं लागत नाही. पावणेनऊपर्यंत तुमचा ‘सुटली’ असा मेसेज आला नाही, तर तो स्वतःच दहा धरतो. ‘उशीर होईल, किती ते सांगता येत नाही’ आणि हे, दोन्ही सारखंच खरं आहे. पण यावर त्याला हिशेब करता येतो.

हँडओव्हरचं वाक्य तुमच्या कामाप्रमाणे बदलेल. मीटिंग असेल तर ‘माझा मुद्दा शेवटी घ्या, फाइल अमुक फोल्डरमध्ये आहे’. कपाटाची किल्ली किंवा एखादं लॉगिन तुमच्याकडेच असेल तर सगळ्यात आधी तेच लिहा, कारण ते कळलं नाही तर बाकीचेही अडून बसतात. काहीच अडत नसेल तर ‘साडेदहापर्यंत माझ्यावाचून काही अडत नाही’ असंही लिहा. लीडला त्याचाही फार उपयोग होतो, पण हे सहसा कुणी कळवत नाही. आणि जमलं तर रात्रपाळीच्या माणसालाही वेगळी एक ओळ टाका. तोच तुमच्यासाठी थांबलाय, त्याला कॅबवाल्याला सांगायचं असतं.

कारण किती लिहायचं? ‘अंबरनाथ-उल्हासनगरमध्ये उभी आहे’ एवढं पुरे. सिग्नल बिघाड, ओव्हरहेड वायर, पेंटोग्राफ, रुळाला तडा, मालगाडीचं इंजिन बंद, यातलं स्टेशनवर किंवा गाडीत जाहीर झालं असेल तर दोन शब्दांत लिहा, कारण वाचणाऱ्याला त्यावरून अंदाज येतो. सिग्नलला लागलेली गाडी दहा-पंधरा मिनिटांत हलू शकते. ओव्हरहेड वायर तुटली असेल तर टॉवर वॅगन येऊन दुरुस्ती होईपर्यंत त्या लाइनवरून काही जात नाही, आणि मग साडेनऊच काय, अकराचाही भरवसा नसतो. पण डब्यात ‘तासभर लागणार म्हणे’ असं कुणी म्हटलं तर ते मेसेजमध्ये घालू नका. एम-इंडिकेटरवरच्या प्रवाशांच्या चॅटमध्ये गाड्या कुठे तुंबल्यात ते चांगलं कळतं, मीही बघतो. कधी सुटणार याबद्दल तिथे लिहिलेलं मात्र बहुतेक ऐकीव असतं. गर्दीचे फोटोही नकोत. ते उघडायला डेटा लागतो आणि त्यातून वेळ कळत नाही.

आता तुमच्या उदाहरणात पुढे काय होतं ते पाहू. गाडी ८.४२ला हलली. पुन्हा तोच हिशेब, ८.४२ अधिक एक तास अधिक पंधरा मिनिटं, म्हणजे १०ला तीन कमी. मेसेज एवढाच:

*“१० होतील. गाडी ८.४२ला सुटली.”*

कल्याणला ९ वाजले, म्हणजे दहाऐवजी अठरा मिनिटं लागली. ठाण्याला ९.२५. पहिली ट्रान्स-हार्बर भरून गेली, दुसरीत ९.३७ला चढलात. ऐरोली ९.४७, खुर्चीवर ९.५८. मधे एकही मेसेज लागला नाही, कारण दिलेला आकडा टिकला. ‘कल्याण आलं’, ‘मुंब्रा गेलं’ असं कळवत राहायची गरज नसते. दिलेली वेळ दहा मिनिटांहून जास्त इकडेतिकडे होणार असेल तरच पुन्हा लिहा. लवकर पोहोचणार असाल तेव्हाही लिहा. दुसऱ्याला तुमच्या जागी बसवलेलं असतं, त्याला मोकळं करता येतं.

पहिल्या मेसेजमधली ‘९ला कळवते’ ही खूण गाडी न सुटण्यासाठी आहे. ९ वाजले आणि अजून तिथेच आहात, तर त्या मेसेजमध्ये वेळ देऊ नका. सरळ लिहा: *“अजून सुटली नाही. अकरापर्यंत मला धरू नका, दुसऱ्याला पूर्ण बसवा.”* चाळीस मिनिटं अडकलेल्या गाडीत बसून दर दहा मिनिटांनी नवी वेळ देण्यापेक्षा हे लीडला शंभरपट बरं वाटतं. घरून काम करता येत असेल तर तेही इथेच विचारायचं, पण लॅपटॉप सोबत असेल, क्लायंट त्याला परवानगी देत असेल आणि परतीची गाडी मिळत असेल तरच. तुमच्यासारख्या सपोर्टच्या कामात बरेचदा ऑफिसातल्या मजल्यावरूनच लॉगिन चालतं, तिथे हा पर्याय नसतो.

थांबलेल्या गाडीतून उतरून रुळांवरून चालत जाणारे लोक तुम्ही पाहिले असतील. वेळ पाळण्यासाठी ते करू नका. बाजूच्या लाइनवरून गाड्या चालूच असतात. दिलेली वेळ चुकली तर एक ओळ आणखी लिहायची, बस. आणि दारात लटकत टायपिंगही करू नका. त्यासाठी वरचा मेसेज वेळ आणि ठिकाण रिकामं ठेवून आजच फोनमध्ये लिहून ठेवा, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून तो चॅट वर पिन केला तरी चालतं. गर्दीत एका हाताने दोन आकडे आणि दोन स्टेशनांची नावं भरणं जमतं, सहा वाक्यं जुळवणं जमत नाही. लिहिताना घाबरलेलं मन नको ते शब्द घालतं, तेही टळतं.

गाडी अडकली की आजूबाजूच्या सगळ्या गाड्यांमधली माणसं एकाच वेळी फोन काढतात, आणि नेटवर्कला धाप लागते. पाठवलेल्या मेसेजसमोर घड्याळाची खूण राहिली तर तो तुमच्या फोनमधून निघालेलाच नाही. दोन-तीन मिनिटं तसंच राहिलं तर तोच मजकूर साध्या एसएमएसने पाठवा, तो कमी सिग्नलवरही बरेचदा जातो. एक टिक आली म्हणजे तुमच्याकडून गेला, पण सरांच्या फोनवर अजून पोचला नाही. शिफ्टला वीस मिनिटं उरली आणि अजून एकच टिक असेल तर फोन करा. फोनवरही आधी वेळच सांगा, गाडीतल्या आवाजात पहिली पाच सेकंदंच ऐकू येतात. व्हॉइस नोट टाळा, ती ऐकायला लीडला इअरफोन शोधावे लागतात.

टीमच्या ग्रुपवर टाकायचं की नाही, हे तुमच्या सरांवर अवलंबून आहे. काहींना सगळं ग्रुपवर हवं असतं. पण अशा दिवशी त्याच मार्गावरचे सगळेच ग्रुपवर लिहितात आणि तुमचा ९.४५ वीस मेसेजच्या खाली जातो. म्हणून सरांना थेट पाठवा, ग्रुपवर हवं तर फक्त ‘लीडला कळवलंय’ एवढं टाका. सकाळी ते टीम्सवर असतात की व्हॉट्सॲपवर, हे एकदा निवांत विचारून ठेवा.

तुम्ही नव्या असाल, प्रोबेशनवर असाल, तर एक गोष्ट जास्तीची करा. त्याच दिवशी हजेरीच्या पोर्टलवर रेग्युलरायझेशनची विनंती टाका आणि कारणात मेसेजमधलीच वेळ नि ठिकाण लिहा: ‘८.२० ते ८.४२ अंबरनाथ-उल्हासनगरदरम्यान लोकल थांबली, आगमन ९.५८’. महिनाअखेरीस एचआर विचारतं तेव्हा कुणालाच तो दिवस आठवत नाही, आणि त्या वेळी लीडच्या फोनमधला मेसेज आणि तुमची नोंद जुळली तर प्रश्न तिथेच मिटतो.

आणि हे दर आठवड्याला होत असेल, तर प्रश्न मेसेजचा राहत नाही. मग तुमची दहा मिनिटांची शिल्लक त्या मार्गाला कमी पडतेय. कल्याणच्या पलीकडून येणाऱ्याला मी निदान पंचवीस मिनिटं शिल्लक ठेवायला सांगतो, म्हणजे एक-दोन गाड्या आधीची पकडायची. ते घरच्या वेळेमुळे शक्य नसेल, तर अडकलेल्या गाडीतून नको, एखाद्या शांत दुपारी सरांकडे जाऊन दहाची शिफ्ट मागा. मागताना मागच्या महिन्यातले तुमचेच मेसेज दाखवा. त्यात तारीख, ठिकाण, किती वेळ थांबली आणि किती वाजता पोहोचलात, सगळं आधीच लिहिलेलं असेल.